ठिणगी बाहीला लागते तेव्हा: ‘थांब, आडवं पड, लोळ’ गोष्टीत कसं बसवावं

प्रश्न: सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट लिहितेय. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी एका मुलाच्या बाहीला लागते आणि मग तो ‘स्टॉप, ड्रॉप अँड रोल’ शिकतो. गोष्ट ऐकून मुलांना ते खरंच करता यायला हवं. घटना कशा मांडू, काय टाळू, आणि मराठीत त्याला म्हणू काय?

उत्तर: सगळ्यात आधी क्रम ठरवा. कपडा पेटतो त्या क्षणी मूल काही शिकत नाही, ते पळतं. म्हणून कुणीतरी लांबून ‘लोळ’ असं ओरडलं आणि तुमच्या नायकानं ते पहिल्याच झटक्यात बरोबर केलं, असं लिहू नका. त्या वेळी जवळच्या मोठ्या माणसानं त्याला खाली घ्यावं आणि लोळवावं. स्वतः करायला तो शिकतो ते दुसऱ्या दिवशी, सतरंजीवर, घाबरलेला नसताना, दोन-तीन वेळा चुकून. आग दोन पानांत संपू द्या आणि सराव चार-पाच पानं चालू द्या. ऐकणाऱ्या मुलाच्या अंगात जे उतरायचं ते सरावाच्या पानांवरून उतरतं.

दुसरी गोष्ट ठिणगीची. फुलबाजी हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, पण तिची एक सुटी ठिणगी इतकी बारीक असते की बहुतेक वेळा कपड्यावर पडून विझते आणि टाचणीएवढं भोक ठेवून जाते. ‘ठिणगी पडली की लोळ’ असं गोष्टीत आलं, तर मुलं प्रत्येक ठिणगीला जमिनीवर पडतील, आणि अंगणात पणत्या नि पेटलेली भुईचक्रं असताना तेही धोक्याचंच. खूण एकच द्या: कपड्यावर ज्योत दिसली तर. नुसतं भोक पडलं किंवा कड लाल दिसली, तर फुलबाजी खाली धरायची, जागेवर उभं राहायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. त्यांनी तिथे पाणी टाकलं की झालं.

ठिणगीची ज्योत होणं पटायला हवं, म्हणून कापड नीट निवडा. सैल विणीचं, घोळदार, जरा लव असलेलं सुती कापड ठिणगीनं पेटू शकतं. आधी काळं भोक पडतं, मग भोकाची कड निखाऱ्यासारखी लाल होऊन पसरते, आणि वारा मिळाला की तिथून ज्योत निघते. पॉलिस्टरचा चकचकीत झब्बा ठिणगीनं बहुधा वितळतो आणि आकसतो. तो पेटलाच तर वितळलेलं कापड कातडीला चिकटतं, म्हणून तो जास्त सुरक्षित असं गोष्टीत सुचवू नका. अंगाबरोबर बसणारा, आखूड बाह्यांचा जाड सुती कपडा सर्वांत बरा, आणि तुमच्या गोष्टीला नेमका याच्या उलटा कपडा हवा.

आता शब्द, कारण मराठीत खरी गफलत इथेच होते. ‘ड्रॉप’साठी ‘बस’ म्हटलं तर मूल उकिडवं बसतं आणि ज्योतीच्या वर त्याचं तोंड तसंच राहतं. ‘झोप’ म्हटलं तर ते उताणं पडून डोळे मिटतं आणि हालत नाही. ‘लोटांगण घाल’ हा शब्द मोह पाडणारा आहे, पण आरतीच्या शेवटी बरीच मुलं लोटांगण म्हणताना उभ्या उभ्या स्वतःभोवती गिरकी घेतात. पेटलेल्या कपड्यांत गिरकी म्हणजे आगीला वारा घालणं. ‘आडवं पड’ चालतं, आणि ते मुलगा-मुलगी दोघांनाही तसंच म्हणता येतं. ‘लोळ’ तर घराघरात रोज ऐकू येणारा शब्द आहे, फक्त एरवी त्याच्यापुढे ‘नकोस’ असतं. चेहऱ्यासाठी नुसतं ‘तोंड झाक’ म्हणू नका. आपण तोंड हा शब्द ओठांसाठीही वापरतो, त्यामुळे मुलं खोकताना धरतात तसा हात ओठांवर धरतात आणि डोळे उघडेच राहतात. ‘डोळे-तोंड झाक’ असं जोडून म्हणा.

गोष्टीचा कच्चा मसुदा पुढे देतो. नावं, नाती, वाक्यं तुमच्या हिशेबानं बदला. कृतींचा क्रम मात्र तसाच ठेवा.

किल्ला पूर्ण झाला होता. बुरुजावर मावळे उभे होते. उतारावरचे हळीव उगवून हिरवेगार झाले होते.

पाडव्याची संध्याकाळ होती. सोहमनं नवा सुती झब्बा घातला होता. बाह्या लांब आणि घोळदार. “पुढच्या वर्षीही होईल,” म्हणून आईनं एक माप मोठाच घेतला होता.

अंगणात पाण्याची बादली होती. बाबा एकेक फुलबाजी पेटवून देत होते. विझलेली तार बादलीत टाकली की आवाज यायचा, चर्रर्र!

सोहमनं फुलबाजी गोल गोल फिरवली. हवेत सोनेरी चाक दिसलं. चाकातून एक ठिणगी उडाली आणि त्याच्या बाहीवर बसली.

बाकीच्या ठिणग्या विझल्या. ही विझली नाही. बाहीला मुगाएवढं भोक पडलं. भोकाची कड लाल झाली. मग तिथून एक पिवळी जीभ वर निघाली.

सोहम पळाला. दोनच पावलं. तेवढ्यात जीभ मोठी झाली.

“थांब!” आत्यानं त्याला गाठलं, जमिनीवर आडवं केलं आणि लोळवलं. बाही खाली. पाठ खाली. पुन्हा बाही खाली. झब्ब्याला माती लागली. ज्योत गेली. धूर तेवढा राहिला.

बाबांनी बाहीवर पाणी ओतलं. आईनं झब्बा काढला. कोपराजवळ लाल डाग उठला होता. आई सोहमला घेऊन नळाशी बसली.

“अजून किती वेळ?”

“वीस मिनिटं.”

मुक्ताताई घड्याळ घेऊन बसली. पाच झाली. दहा झाली. आत्यानं सोहमच्या पाठीवर शाल टाकली. पंधरा झाली. “आता पुरे ना?” “नाही.” वीस झाली. मग सगळे डॉक्टरांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सोहमच्या कोपराला पांढरी पट्टी होती.

“आत्या, मी पळालो तर आग मोठी का झाली?”

“चुलीला फुंकर मारली की काय होतं?”

“चूल पेटते.”

“पळताना तशीच फुंकर लागते. आणि ती उदबत्ती बघ. धूर कुठे चाललाय?”

“वर.”

“ज्योतीलाही वरच जायचं असतं. तू उभा होतास. बाहीच्या वर काय काय होतं?”

सोहमनं हात लावून बघितलं. खांदा. गळा. गाल. केस.

“आणि आडवा असलो तर?”

“वर नुसती हवा.”

आत्यानं सतरंजी अंथरली. मुक्ताताईनं लाल कागदाची ज्योत कापून सोहमच्या पाठीवर चिकटवली. “पेटलास रे!”

सोहम थांबला. आडवा पडला. आणि त्यानं घातली कोलांटी!

“कोलांटी नाही,” आत्या म्हणाली. “लाटणं कसं फिरतं पोळपाटावर? तसं.”

सोहम पुन्हा थांबला. आडवा पडला. डोळे-तोंड झाकलं. लाटण्यासारखा फिरला. एक, दोन, तीन, आणि उठला.

“ज्योत आहे अजून पाठीवर,” मुक्ताताई म्हणाली.

“मग किती वेळा लोळायचं?”

“जाईपर्यंत.”

सोहम तिकडे लोळत गेला, भिंत आली, तसाच इकडे लोळत आला. कागद फाटून सतरंजीवर पडला, तेव्हाच तो उठला.

“आता बाहीवर लावतेस?” त्यानंच विचारलं.

मुक्ताताईनं कागद त्याच्या बऱ्या हाताच्या बाहीवर लावला. सोहम आडवा पडला. दोन्ही हात तोंडाकडे नेले. लाल कागद गालाला लागला.

सोहम थबकला. मग त्यानं कागदाचा हात जमिनीवर सरळ दाबून धरला, आणि पट्टीच्या हातानं डोळे-तोंड झाकलं. आणि लोळला.

“हे मी सांगितलं नव्हतं,” आत्या म्हणाली.

संध्याकाळी मुक्ताताईनं तबकात निरांजन लावलं. पाट मांडला. सोहम पाटावर बसला, आणि ओवाळून घ्यायच्या आधी त्यानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

इथे मसुदा संपतो. आता त्यातल्या काही निवडींची कारणं, म्हणजे बदल करताना कुठे हात लावायचा नाही ते कळेल.

पळण्याला फक्त दोन पावलं दिलीत आणि त्याचं चित्र काढायचं नाही. मूल चित्र लक्षात ठेवतं, चित्राखालचा ‘असं करू नये’ हा भाग विसरतं. ज्वाळांसकट पळणारा मुलगा पानभर काढला, तर मनात तोच राहील. पूर्ण पानाचं चित्र द्यायचं असेल तर ते आत्या सोहमला आडवं करते आहे त्याचं द्या, आणि चित्रकाराला सांगा की शरीर जमिनीला समांतर दिसलं पाहिजे, गुडघ्यावर टेकलेलं नको.

ज्योत वर का जाते हे उदबत्तीवरून दाखवलं, कारण ती घरात आधीच जळत असते आणि तिच्या धुराकडे बघायला मुलाला काही पेटवावं लागत नाही. मोठ्यांना हीच गोष्ट आगकाडीवर फार स्पष्ट दिसते. जळतं टोक वर ठेवून काडी उभी धरली तर ज्योत काडीवरून सावकाश, रेंगाळत खाली येते. टोक खाली केलं तर तीच ज्योत बोटांपर्यंत झपाट्यानं चढते, कारण ज्योतीतून वर जाणारी गरम हवा पुढची कोरडी काडी आधीच तापवून ठेवते. उभ्या माणसाच्या कपड्यावर नेमकं हेच होतं: बाहीची ज्योत खांद्याकडचं कापड तापवत चढते आणि काही सेकंदांत गळ्याशी येते. आडवं पडलं की ही चढण मोडते. आगकाडीचा हा प्रयोग मात्र पुस्तकात घालू नका, मुलं तो करून बघतील.

लोळण्याचं काम वेगळं आहे. आडवं पडल्यानं ज्योतीचं चढणं थांबतं, पण कापड जळतच असतं. ते कापड अंग आणि जमीन यांच्यामध्ये दाबलं गेलं की त्याला हवा मिळत नाही आणि ज्योत विझते. म्हणून लोळणं भराभर करायचं नाही. प्रत्येक बाजू नीट दाबली जाईल इतकं सावकाश करायचं. लाटण्याची उपमा मुद्दाम दिली आहे, कारण ‘रोल’चं भाषांतर ऐकून मुलं हटकून कोलांटी घालतात. त्यात जमिनीला डोकं आणि पाठीचा एक पट्टा तेवढा लागतो, बाह्या आणि घेर मोकळेच राहतात.

तीन वेळा लोळून उठण्याची चूकही गोष्टीत असू द्या. मुलांना मोजायला आवडतं, आणि आकडा दिला की ती आकडा पूर्ण करून उभी राहतात, आग असो वा नसो. ‘जाईपर्यंत’ हे उत्तर एका शब्दाचं ठेवलं तर ते पाठ होतं. भिंत लागल्यावर परत फिरणंही राहू द्या, कारण आपल्या घरांत एकाच दिशेला लोळत जाण्याएवढी जागा क्वचितच असते. सराव सतरंजीवर किंवा चटईवर करा, गादीवर नको. गादीची सवय लागलेलं मूल खऱ्या वेळी पलंगाकडे धावेल, आणि अंथरूण हे आणखी एक पेटणारं कापड आहे.

बाहीचा पेच मात्र तुमच्या विषयातच आहे, आणि तो टाळून पुढे जाऊ नये असं मला वाटतं. एरवी दोन्ही हातांनी चेहरा झाकायला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण लोळताना ज्योत आणि गरम हवा चेहऱ्याजवळून जाते. पण पेटलेला कपडा बाहीच असेल, तर तो हात चेहऱ्यावर नेणं म्हणजे आग आपल्या हातानं तोंडाशी आणणं. म्हणून पेटलेला हात जमिनीशी दाबायचा, शक्यतो त्याच बाजूला आधी वळायचं, आणि मोकळ्या हातानं डोळे-तोंड झाकायचं. सहा वर्षांच्या मुलाला हे वाक्यात सांगितलं तर गोंधळ होतो. म्हणून मसुद्यात आधी कागद पाठीवर आहे आणि दोन्ही हातांचा साधा सराव आधी होतो. बाही नंतर येते, आणि कागद गालाला लागल्यावर सोहमला ते स्वतःच कळतं. क्रम उलटा केला तर मुलं सगळ्याच वेळी एक हात वापरतील.

एक शंका ऐकणारी मुलं हमखास काढतील: शेजारी पाण्याची बादली होती ना, मग तीच का नाही ओतली? शंका बरोबर आहे. पाण्यानं पेटलेला कपडा विझतो, आणि बादली मोठ्याच्या हातापाशीच असेल तर त्यानं ती ओतावी. पण मुलानं बादलीकडे धावणं हेही धावणंच. लोळायला काही आणावं लागत नाही आणि कुणाची वाट बघावी लागत नाही, म्हणून मुलासाठी तेच पहिलं. मसुद्यात पाणी येतं ते ज्योत गेल्यावर, बाबांच्या हातून. याच कारणानं दुसऱ्याचा कपडा पेटला तर मुलानं त्याच्याजवळ जायचं नाही. लांबूनच ‘आडवं पड, लोळ’ ओरडायचं आणि मोठ्यांना बोलवायचं. आजीसारखं ज्यांना लोळता येत नाही, त्यांना खाली आडवं करून जाड सुती चादर किंवा घोंगडी गळ्यापासून पायांकडे लपेटायची असते, म्हणजे ज्योत चेहऱ्याकडे ढकलली जात नाही. हे काम मोठ्यांचं आहे आणि ते मुख्य गोष्टीत कोंबायची गरज नाही.

नळाची वीस मिनिटं मात्र कापू नका. संपादक लांबी कमी करायला बसला की त्याची पहिली कात्री इथेच लागते. ज्योत विझली तरी कातडीत शिरलेली उष्णता आत पोळतच राहते. साधं वाहतं पाणी २० मिनिटं लावल्यानं ती निघते, आणि जळल्यापासून तीन तासांच्या आत लावलं तरी उपयोग होतो. घरात हे सहसा दोन मिनिटांत थांबतं, कारण मूल रडायचं थांबलं की सगळ्यांना पुरे झालं असं वाटतं. म्हणून मुक्ताताईच्या हातात घड्याळ दिलं आहे. शालीलाही कारण आहे. डाग थंड करायचा, मूल नाही. लहान मुलं पाण्यात बसवल्यावर पटकन गारठतात, म्हणून बाकीचं अंग उबदार ठेवायचं.

पुस्तकाच्या शेवटी पालकांसाठी अर्धं पान मिळालं तर त्यात एवढंच सांगा. बर्फ लावायचा नाही, त्यानं कातडीला दुसरी इजा होते. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांतलं काही लावायचं नाही. त्यानं उष्णता आत कोंडते, जखमेत जंतू जाऊ शकतात, आणि डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं, ते मुलाला भाजण्याइतकंच दुखतं. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, भोवतीनं कापायचा. बांगडी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं. नंतर स्वच्छ, कोरडं सुती फडकं सैल झाकायचं. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत राहतात. फोड फोडायचे नाहीत. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का भाग. जळलेला डाग त्याहून मोठा असेल, फोड आले असतील, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, जांघ यांपैकी काही भाजलं असेल तर लगेच दवाखाना. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. मसुद्यातला डाग कोपरावर आहे, म्हणजे सांध्यावर. म्हणूनच डॉक्टरांकडे जाणं तिथे एका वाक्यात का होईना पण आहे.

आणखी एक चूक गोष्ट चांगली जमल्यावरच दिसते. मुलांना लोळायला इतकं आवडतं की ‘आग’ हा शब्द ऐकला की ती लोळतात. चटका बसला, खोलीत धूर झाला, शाळेत आगीची घंटा झाली, तरी जमिनीवर. धुरानं भरलेल्या खोलीत लोळत बसणं जिवावर बेतेल. तिथे खाली वाकून, जमिनीलगतच्या स्वच्छ हवेतून दाराकडे रांगत जायचं असतं. ही दुसरी कृती याच गोष्टीत शिकवू नका, दोन्हींची खिचडी होते. त्याऐवजी सरावाच्या खेळात वेगवेगळे प्रश्न मिसळा. बोटाला चटका बसला? नळ. ठिणगीनं भोक पडलं? जागेवर उभं राहून हाक. खोलीत धूर? रांगत बाहेर. झब्ब्यावर ज्योत? थांब, आडवं पड, लोळ. चारांतल्या एकालाच मूल खाली पडलं, तर त्याला कधी लोळायचं तेही कळलं आहे.

मसुदा छापायला देण्याआधी पाच-सहा मुलांना एकदा वाचून दाखवा, सराव करवून घ्या, आणि आठवडाभर तो विषय काढू नका. मग गोष्टीची आठवण न देता एकेकाच्या पाठीवर लाल कागद लावा आणि ‘कपड्यावर ज्योत आहे’ एवढंच म्हणा. मूल कागद बघायला गिरकी घेत असेल, तर ‘थांब’चा प्रसंग कमजोर पडला आहे. उकिडवं बसत असेल, तर आडवं करण्याचं चित्र बदला. कोलांटी घालत असेल, तर लाटण्याचं वाक्य आणखी एकदा यायला हवं. तीनदा लोळून तुमच्याकडे बघत उठत असेल, तर ‘जाईपर्यंत’ हा शब्द त्याच्या कानावरून गेला आहे. तो पुढच्या मसुद्यात मुक्ताताईच्या तोंडी आणखी एकदा घाला.